तोच डिफ्यूजन फिल्टर ३५ ला सुरेख, ८५ ला दुधाळ. असं का?

कवडसा
मुलाखतींची एक मालिका चित्रित करते आहे. दोन अगदी सारखे फुल फ्रेम कॅमेरे शेजारीशेजारी लावलेले असतात. एकावर ३५ मिमी लेन्स, त्यात बोलणारा माणूस कमरेपासून वर, मागचं टेबल आणि टेबलावरचा पिवळसर दिवा. दुसऱ्यावर ८५, त्यात फक्त चेहरा आणि खांदे. दोन्हीकडे अ‍ॅपर्चर एफ/२.८, आयएसओ आणि शटर एकच.

फिल्टरशिवाय चित्र फार कोरडं दिसत होतं. त्वचेचं एकेक छिद्र मोजता येईल आणि दिव्याची कड कात्रीने कापल्यासारखी. म्हणून दोन्ही लेन्सवर काळ्या कणांचा १/४ डिफ्यूजन फिल्टर लावला. ३५ वर हवं होतं तेच मिळालं, दिव्याभोवती हलकी प्रभावळ आणि चेहरा मऊ. पण ८५ चं फुटेज मोठ्या पडद्यावर उघडलं तेव्हा पोटात गोळा आला. काळं जाकीट राखाडी झालंय आणि सगळ्या चित्रावर कुणीतरी काचेवर श्वास सोडल्यासारखा थर आहे. सेटवरच्या छोट्या मॉनिटरवर हे कळलंच नाही.

एक फिल्टर सदोष असेल म्हणून दोघांची अदलाबदल करून पाहिली. दुधाळपणा फिल्टरबरोबर गेला नाही, ८५ पाशीच राहिला. दोन भाग चित्रित होऊन गेलेत, चार बाकी आहेत. काय चुकतंय?

पारिजात
माझा अनुभव सांगते. मी मुख्य दिव्यापुढे आधी एकच पांढरं कापड लावायचे, तरी त्वचा कडक दिसायची. मग दुसरं कापड लावलं, दिवा थोडा जवळ आणला आणि सगळं निवळलं. तुम्ही डिफ्यूजन दुहेरी करून बघा. १/४ कापड फारच पातळ असतं.

कवडसा
पारिजात, कापड नाही हो, लेन्सपुढे लावायची काच. मुख्य दिवा आधीच मोठ्या सॉफ्टबॉक्समधून येतोय आणि चेहऱ्यावरच्या सावल्या छान मऊ आहेत. त्या बाजूने तक्रार नाही.

पारिजात
अच्छा! दोन्हींना डिफ्यूजनच म्हणतात, त्यामुळे घोळ झाला. पण मग प्रश्न पडतो, प्रकाश मऊ असताना काचेची गरजच का पडली?

मंदप्रकाश
पारिजात, कापडामुळे प्रकाशाचा उगम मोठा होतो, त्यामुळे सावलीची कड विरते. पण पापणीचा केस आणि त्वचा यांच्यातली रेघ लेन्स आणि सेन्सर तितकीच टोकदार टिपतात. आणि चौकटीत दिसणाऱ्या दिव्याच्या कडेला तर कापडाचा काहीच उपयोग नाही. तिथे काचच लागते.

कवडसा, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांगा. ८५ च्या चौकटीत तो टेबलावरचा दिवा दिसतो का, नसेल तर कडेपासून किती लांब आहे? लेन्सवर हूड किंवा मॅट बॉक्स होता का? आणि कॅमेऱ्याच्या पिक्चर प्रोफाइलमध्ये शार्पनेस किती ठेवला होता?

टाइमलाइन
मी संकलन करतो, माझं सरळ मत देतो. काच लावूच नका. स्वच्छ चित्रित करा आणि ग्लो नंतर घाला. हवा तेवढा, हवा तिथे, नको वाटला तर काढून टाका. काचेतून आलेलं चित्र पुन्हा कडक करता येत नाही. परिणाम शेवटी एकच आहे, उजळ भाग धूसर करून मूळ चित्रावर मिळवायचा. फिल्मवर दिव्यांभोवती जी लालसर हॅलेशन दिसायची तीसुद्धा या फिल्टरचीच करामत, आणि आज ती एका क्लिकवर मिळते.

कवडसा
मंदप्रकाश, ८५ मध्ये दिवा दिसत नाही. तो डाव्या कडेच्या जेमतेम वीतभर बाहेर आहे. वर सावलीची टोपी आहे पण बल्बचा थोडा भाग लेन्सकडून दिसतो. हूड नव्हता, कारण फिल्टर लावल्यावर तो बसत नाही. शार्पनेसला मी हातच लावला नाही, जसा होता तसा.

मंदप्रकाश
मग बहुतेक चोर सापडला. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकावर एक बसल्यात, त्या सुट्या करून बघू.

पहिली गोष्ट त्या न दिसणाऱ्या दिव्याची. या काचेत बारीक कण असतात. बहुतेक प्रकाश सरळ जातो, थोडासा कणांवर आदळून जरा वाकडा होतो. दिवा चौकटीत असेल तर हा वाकडा प्रकाश त्याच्याच भोवती पडतो आणि आपल्याला प्रभावळ दिसते. दिवा चौकटीबाहेर गेला म्हणून काचेवर पडायचा थांबत नाही. त्याची प्रभावळ चौकटीच्या आत येतेच, फक्त तिचा उगम दिसत नाही, म्हणून ती प्रभावळ न वाटता धुकं वाटते. तुमच्या वाइडमध्ये डोळ्याला कारण दिसतंय आणि तो ते आनंदाने स्वीकारतो. टाइटमध्ये कारण कापलं गेलं आणि परिणाम मागे राहिला.

हे ताडून बघायला दोन मिनिटं लागतात. पुढच्या वेळी ८५ लावून वेव्हफॉर्म चालू करा आणि काळ्या जाकिटाची पातळी बघा. मग हातात काळा पुठ्ठा घेऊन लेन्सच्या डावीकडे उभ्या राहा आणि तो हळूहळू दिव्याच्या वाटेत आणा. पुठ्ठ्याची सावली फिल्टरच्या काचेवर पूर्ण पडली पाहिजे, पण पुठ्ठा चौकटीत दिसता कामा नये. सावली पडताच वेव्हफॉर्मचा तळ खाली घसरला तर दोष भटक्या प्रकाशाचा. ढिम्म हलला नाही तर मी चुकलो. फिल्टर नसताना तोच दिवा लेन्सला फारसा त्रास देत नाही, कारण चांगल्या लेन्सवर लेप असतो. डिफ्यूजनच्या काचेचं तर कामच प्रकाश पसरवणं, त्यामुळे ती नको तिथला प्रकाशही प्रामाणिकपणे पसरवते. हा फिल्टर लावला की हूड किंवा मॅट बॉक्स सोयीचा राहत नाही, आवश्यक होतो.

दुसरी गोष्ट फोकल लेंग्थची. कण प्रकाशाला ठरावीक कोनात वळवतात, त्यांना पुढे कुठली लेन्स आहे हे माहीत नसतं. तोच कोन ८५ वर सेन्सरवर ३५ च्या जवळजवळ अडीच पट लांबी व्यापतो. ३५ वर जो पसरटपणा दोनेक पिक्सेलमध्ये मावत होता तो ८५ वर पाच पिक्सेलांवर जातो, आणि तेवढ्याने पापण्या, दाढीचे खुंट, त्वचेचा पोत विरघळू लागतो. फिल्टरच्या कडेवर १/४ छापलेलं असतं, पण ती ताकद अर्धीच गोष्ट सांगते. बाकीची अर्धी तुमची लेन्स ठरवते. म्हणून लांब लेन्सवर एक पायरी खाली यायचं, वाइडवर १/४ तर टाइटवर १/८.

टाइमलाइन
म्हणजे ३५ चं चित्र कापून ८५ एवढं मोठं केलं तर त्यातही तेवढाच धूसरपणा दिसेल?

मंदप्रकाश
प्रभावळीपुरता हो, जवळजवळ तेवढाच. कॅमेरा जागेवरून हलला नाही तर ८५ ची चौकट म्हणजे ३५ चा मधला तुकडाच. प्रभावळ मोठी झाली असं नाही, आपण तिच्या जवळ गेलो.

आता तुमच्या आधीच्या मुद्द्याकडे येतो. नंतर घातलेला ग्लो आणि काचेचा ग्लो एक नाहीत, आणि कारण सेन्सरच्या मर्यादेत आहे. समजा बल्ब त्या मर्यादेच्या ३२ पट उजळ आहे, म्हणजे पाच स्टॉप वर. शेजारी पांढरा सदरा मर्यादेच्या किंचित खाली आहे. काच आपल्याकडे येणाऱ्या प्रकाशातला २ टक्के पसरवते असं धरू. सेन्सरच्या मर्यादेला १ मानलं तर बल्बमधून ०.६४ एवढा प्रकाश पसरतो आणि सदऱ्यातून ०.०२. म्हणून बल्बभोवती झळाळी दिसते आणि सदरा शांत राहतो. काच न लावता चित्रित केलंत तर फाइलमध्ये बल्ब १ वर छाटला गेलेला आणि सदराही जवळजवळ १. संकलनात २ टक्के पसरवा, दोघांनाही ०.०२ मिळणार. मग बल्बची प्रभावळ दिसेना म्हणून तुम्ही मात्रा वाढवता आणि सदरा ट्यूबलाइटसारखा पेटतो. पडद्यावर नंतरचा ग्लो ओळखायची माझी खूण हीच आहे, सदरा आणि दिवा एकसारखे झळाळतात.

हॅलेशनबद्दल मात्र तुमची गल्लत झालीये. ती फिल्टरची नव्हे, फिल्मची. प्रकाश थरांतून आरपार जाऊन मागच्या आधारावरून परत उसळतो आणि परतीच्या वाटेवर आधी लाल संवेदी थराला भेटतो, म्हणून ती लालसर. काचेची प्रभावळ दिव्याच्याच रंगाची असते.

टाइमलाइन
सदऱ्याचा मुद्दा मान्य, हा त्रास मी भोगलाय, पण कारण कधी कळलं नव्हतं. तरी मी हत्यार टाकत नाही. बल्बभोवती मास्क काढून तेवढ्याच भागाची किंमत लिनियरमध्ये पाच स्टॉपने वर नेली आणि मग ग्लो घातला तर? मी तसं केलंय आणि ते पटण्यासारखं दिसलं.

मंदप्रकाश
चालतं. स्थिर कॅमेरा आणि एकच दिवा असेल तर बरोबर चालतं. हलत्या कॅमेऱ्यात चष्म्यावरची लकाकी, घामाचा थेंब, कानातलं, सगळ्यांना मास्क काढत बसावं लागेल. आणि चौकटीबाहेरचा उजेड तुम्हाला कधीच परत मिळत नाही. इथे तो नकोच आहे, पण खिडकीपाशी बसलेल्या माणसाला तोच सुंदर दिसतो. उलट हिरव्या पडद्यापुढचं काम असेल तर मी तुमच्या बाजूने, तिथे काच लावायची नाही. कडा विरल्या आणि हिरवा रंग चेहऱ्यावर सांडला की कीइंग करणाऱ्याचे हाल होतात.

गारगोटी
एक मुद्दा राहिला. अ‍ॅपर्चर बंद करा. मी एफ/५.६ ला गेलो की याच प्रकारच्या फिल्टरचा परिणाम स्पष्ट कमी होतो. कवडसाने २.८ ऐवजी ५.६ वर चित्रित केलं असतं तर १/४ चालून गेला असता.

मंदप्रकाश
इथे मी सहमत नाही. कण काचभर सारखे पसरलेले असतील तर अ‍ॅपर्चर लहान केल्यावर कमी कणांतून प्रकाश येतो, पण एकूण प्रकाशही त्याच प्रमाणात कमी होतो. वाकड्या प्रकाशाचं प्रमाण तेच राहतं. तुम्हाला फरक दिसतो तो लेन्सचा असावा. बऱ्याच लेन्स पूर्ण उघड्या असताना स्वतःच किंचित मऊ असतात, बंद केल्यावर तो मऊपणा जातो आणि श्रेय फिल्टरला मिळतं. शिवाय अ‍ॅपर्चर फार बंद केलं, लेन्स वाइड असली आणि उजेड थेट काचेवर पडला की कणच ठिपक्यांसारखे दिसू लागतात.

गारगोटी
माझी लेन्स २.८ ला पुरेशी टोकदार आहे, फिल्टरशिवाय तपासून पाहिलंय. फरक फिल्टरबरोबरच दिसतो. आणि माझ्या काचेत कण नाहीत, हातात धरून तिरपी केली की छोटे छोटे गोल खळगे दिसतात.

मंदप्रकाश
मग ती वेगळी जात झाली. खळगेवाल्या काचेत खळग्यांमधली सपाट जागा स्पष्ट चित्र देते आणि खळगे धूसर चित्र देतात. तिथे वाटेत किती आणि कुठले खळगे आले याला महत्त्व आहे, त्यामुळे तुमचं निरीक्षण खरं असू शकेल. कणवाल्या काचेबद्दल मी म्हणालो त्यावर ठाम आहे. जमलं तर दोन्ही जातींवर २.८ आणि ५.६ च्या फ्रेम टाका, एक्स्पोजर शटरने सारखं करून. एनडीने नको, आणखी एक काच मध्ये आली की तिची परावर्तनं मिसळतात.

ओवी
मी या सगळ्या काचा सोडून जाळीवर आले, म्हणून माझी वाट सांगते. १० डेनियरचा काळा मोजा ताणून लेन्सच्या मागच्या बाजूला, माउंटपाशी चिकटवते. दिव्यांची झळाळी जास्त सेंद्रिय वाटते आणि मागे असल्याने बाजूचा उजेड जाळीवर थेट पडत नाही. कवडसाची अडचण या रीतीने तिथेच संपेल असं वाटतं.

कवडसा
ओवीताई, मोह होतोय. पण दोन लेन्सवर ताण सारखा कसा ठेवता? आणि मध्येच सुटली तर?

ओवी
ताणाचं खरंच अवघड आहे. लेन्स बदलली की चित्र थोडं बदलतं, म्हणून मी एकाच कॅमेऱ्याच्या कामातच वापरते. चिकटपट्टी काठावरच लावायची आणि बसवण्याआधी काच खाली धरून हलकेच झटकून बघायची, कारण सुटलेला धागा थेट सेन्सरवर पडतो. तुमच्या दोन कॅमेऱ्यांना मी आता हे सुचवणार नाही, मालिका अर्धी झाली आहे. आणि मागच्या जाळीने लेन्सच्या आत शिरलेला भटका उजेडही पसरतोच, तेव्हा दिवा झाकायला लागेलच. वर मी जरा घाईत लिहिलं.

कवडसा
काल तिसऱ्या भागाचं चित्रीकरण होतं. माणूस बसण्याआधी जाकीट खुर्चीवर टांगलं आणि मंदप्रकाश यांनी सांगितल्याप्रमाणे करून पाहिलं. ८५, एफ/२.८, जाकिटाचा सर्वांत गडद भाग वेव्हफॉर्मवर असा आला. फिल्टरशिवाय ५ टक्के. १/४ लावल्यावर १४. पुठ्ठ्याची सावली काचेवर आणली आणि तळ ८ वर उतरला. मी पुठ्ठा तीनचार वेळा आतबाहेर केला, दर वेळी चित्र श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं. मग पुठ्ठा तसाच ठेवून १/४ काढून १/८ लावला, ६ झालं.

म्हणजे चढलेल्या ९ टक्क्यांपैकी ६ त्या वीतभर दूरच्या बल्बचे होते! फिल्टर निर्दोष होता, मी त्याच्या काचेवर उजेड पडू देत होते.

पुठ्ठा स्टँडवर अडकवला आणि टेबलावरचा दिवा थोडा फिरवला, आता टोपीखालून बल्ब ८५ ला दिसतच नाही. ३५ वर १/४ तसाच. दोन्ही फुटेज शेजारी लावले, प्रभावळीच्या आकारात फरक आहे पण चेहऱ्याचा मऊपणा एकाच घरातला वाटतो.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. पापण्यांना आणि चष्म्याच्या काडीला एक पातळ पांढरी रेघ आहे. मऊ चित्रात ती जास्तच टोचते.

मंदप्रकाश
म्हणूनच शार्पनेस विचारला होता. फिल्टर सेन्सरच्या आधी काम करतो, कॅमेऱ्याचा शार्पनेस सेन्सरच्या नंतर. काचेने मऊ केलेली कड कॅमेऱ्याला सापडते आणि तो तिच्या बाजूला उजळ रेघ ओढून ती पुन्हा टोकदार करतो. तुम्ही एका हाताने पुसताय आणि दुसऱ्या हाताने गिरवताय. दोन्ही कॅमेऱ्यांवर शार्पनेस सर्वांत खालच्या पातळीवर न्या. प्रोफाइलमध्ये ‘डिटेल’ वेगळं असेल तर तेही. त्यानंतर १/८ कदाचित जास्त वाटेल, कारण आत्तापर्यंत त्याचं अर्धं काम कॅमेरा खोडून काढत होता. फोकस मात्र मोठं करून बघूनच लावा. फिल्टर लावल्यावर पीकिंगचे रंग फिके पडतात आणि फोकस बसला की नाही यावर विश्वास ठेवता येत नाही.

कवडसा
आणि झालेले दोन भाग? ते पुन्हा चित्रित करणं शक्य नाही.

टाइमलाइन
हे माझं काम, मी सांगतो. सवयीने काँट्रास्ट वाढवू नका. तो चढवला की मधले आणि उजळ टोन पण ताणले जातात आणि त्वचा करपते. हे धुकं म्हणजे चित्रावर मिळवलेला जादाचा प्रकाश आहे, तेव्हा तो वजाच करायचा. लॉगमधून लिनियरमध्ये जा, तिथे ऑफसेट खाली घ्या आणि मग परत या. दिवा डावीकडे होता म्हणजे धुकंही डावीकडे दाट असणार. म्हणून डावीकडून उजवीकडे विरत जाणारा मऊ मास्क काढून त्यातून वजा करा. दिव्याचा पिवळसरपणाही धुक्यात आलाय, तर लाल आणि हिरवा निळ्यापेक्षा थोडा जास्त खाली घ्यावा लागेल.

एक मर्यादा आहे. धुक्याखाली दबलेला गडद भाग वर काढलात की त्याचा नॉइजही दिसतो, आणि तो धुक्याबरोबर वजा होत नाही. जाकिटात किरकिर दिसू लागली की थांबायचं. फाइल ८ बिट असेल तर मागच्या भिंतीवर पट्टे उमटतील, कारण ती हळुवार उतरण मुळातच मोजक्या पायऱ्यांत साठवलेली असते.

कवडसा
फाइल १० बिट आहे, लॉगमध्ये. आज पहिल्या भागाचा एक शॉट असाच करून पाहिला. जाकीट १४ वरून ८ पर्यंत आणलं, त्याखाली नॉइज जाणवायला लागला. तिसऱ्या भागाशेजारी ठेवला तर चेहऱ्यावरचा मऊपणा अजून जास्त आहे, तो १/४ चाच, पण डोळ्यावर थर आल्यासारखं वाटत नाही. निर्मात्यांना दोन्ही दाखवलेत, त्यांना पहिलाच जास्त आवडला.

गारगोटी
मंदप्रकाश, खळगेवाल्या काचेच्या फ्रेम काढल्या. २.८ पेक्षा ५.६ ला दिव्याची प्रभावळ लहान आणि चेहरा टोकदार, शटरने एक्स्पोजर सारखं केलेलं. कणवाली १/४ काच उसनी मिळाली तीही पाहिली. तिथे फरक कमी आहे, पण शून्य नाही.

मंदप्रकाश
शून्य नाही हे रोचक आहे. तीच लेन्स फिल्टरशिवाय, दोन्ही अ‍ॅपर्चरला, त्याच दिव्यासमोर काढली का? ती जोडी मिळेपर्यंत उरलेला फरक लेन्सच्या खात्यात टाकायचा की काचेच्या, हे मला सांगता येणार नाही.

गारगोटी
दिव्यासमोर नाही काढली, फक्त अक्षरांच्या तक्त्यावर. रविवारी काढतो.